प्रवासात असताना मेलला आपोआप उत्तर

सहलीची तिकिटं, हॉटेल, घराची किल्ली शेजाऱ्यांकडे, सगळं जागच्या जागी असतं. मागे राहतो तो ऑफिसचा इनबॉक्स. बिल अडकलेला पुरवठादार सोमवारी मेल टाकतो, बुधवारी पुन्हा विचारतो, शुक्रवारी त्याचा सूर चढतो. माणूस गावाला गेलाय हे त्याला कोणी सांगितलेलंच नसतं. ते सांगण्याची सोय जीमेलमध्ये आहे आणि बहुतेकांना ती ठाऊकही असते. घोटाळा होतो तो तारखा टाकताना.

कॉम्प्युटरवर जीमेल उघडून वरच्या चाकाच्या खुणेवर क्लिक करा, See all settings निवडा आणि General या पानाच्या अगदी तळाशी जा. तिथे Vacation responder सापडेल. तो चालू करायचा, पहिली आणि शेवटची तारीख, विषय, मजकूर भरायचा आणि खाली Save Changes दाबायचं. हे शेवटचं बटण दाबलं नाही तर काहीच साठवलं जात नाही. मोबाइलच्या अॅपमध्ये हीच सोय सेटिंग्जमध्ये आपल्या खात्यावर टिचकी मारल्यावर मिळते.

आता तारखांचं. समजा, हिशेब पाहणारी एक बाई शुक्रवारी १९ डिसेंबरला संध्याकाळच्या गाडीने केरळला निघणार आहे आणि सोमवारी २९ तारखेला कामावर हजर होणार आहे. पहिला दिवस म्हणून तिने १९ टाकला, तर उत्तरं १८च्या मध्यरात्रीनंतर लगेच सुरू होतील, कारण जीमेल पहिल्या दिवशी रात्री बारापासून मोजतं. मग शुक्रवारी सकाळी ती जागेवर बसून कामं उरकत असतानाच लोकांना ‘मी रजेवर आहे’ असं कळत राहील. म्हणून पहिला दिवस २०. शेवटच्या दिवशी उत्तरं रात्री ११ वाजून ५९ मिनिटांपर्यंत जातात, म्हणून तिथे २८. शेवटची तारीख रिकामी सोडली, तर हाताने बंद करेपर्यंत उत्तरं जातच राहतात.

मजकूर छोटाच हवा. या बाईंचा असा असू शकेल:

‘नमस्कार. आपला मेल मिळाला. २० ते २८ डिसेंबर मी रजेवर आहे आणि या काळात मेल पाहणार नाही. २९ डिसेंबरपासून उत्तरं देईन. बिलाचं काम तातडीचं असल्यास कृपया हिशेब विभागाच्या पत्त्यावर लिहावं.’

शेवटच्या वाक्यात तो पत्ता लिहायचा, आणि तिथे बसणाऱ्या सहकाऱ्याला आधी विचारून घ्यायचं. आलेला मेल जीमेल आपण होऊन त्याच्याकडे पाठवत नाही, तो आपल्याच इनबॉक्समध्ये पडून राहतो. परप्रांतातले ग्राहक असतील तर खाली हाच मजकूर इंग्रजीतही द्यावा. कुठे चाललोय, घरी कोण आहे, हे मात्र लिहू नये. हे उत्तर पूर्ण अनोळखी माणसालाही जातं. शिवाय आपली नेहमीची सही मजकुराखाली जोडली जाते. सहीत मोबाइल नंबर असेल तर सहलीत फोन वाजणारच, तेव्हा निघण्यापूर्वी तो काढून टाकलेला बरा.

फक्त ओळखीच्यांना उत्तर जावं यासाठी मजकुराखाली Only send a response to people in my Contacts असा चौकोन आहे. खासगी खात्यासाठी तो चांगला. पण धंद्याच्या खात्यावर त्यात खूण केली, तर पहिल्यांदाच चौकशी करणाऱ्या ग्राहकाला काहीच कळणार नाही.

निघण्याआधी चाचणी घेताना पहिला दिवस तात्पुरता आजचा ठेवा आणि आपल्याच दुसऱ्या खात्यावरून एक मेल पाठवा. उत्तर आलं की झालं. खात्रीसाठी लगेच दुसरा पाठवला तर उत्तर येत नाही, आणि सोय बिघडली असं वाटून लोक पुन्हा सेटिंग्ज उकरत बसतात. बिघडलेलं काही नसतं. एकाच माणसाला चार दिवसांतून जास्तीत जास्त एकदाच उत्तर जातं. म्हणजे पुरवठादाराने २२ तारखेला लिहिलं तर त्याला उत्तर मिळेल, २३ला पुन्हा लिहिलं तर मिळणार नाही, २७ला लिहिलं तर परत मिळेल. मजकुरात किंवा तारखेत काही बदल केला, की ही मोजणी नव्याने सुरू होते. स्पॅममध्ये गेलेल्या मेलला आणि मेलिंग लिस्टवरून आलेल्या मेलला उत्तर जातच नाही. चाचणी झाली की तारीख परत २० करायला विसरू नका.

सोय चालू असेपर्यंत इनबॉक्सच्या वर एक पट्टी दिसते. सहल आटोपती घेऊन २६लाच कामावर बसलात, तर त्या पट्टीवरचं End now दाबा. तारखा तशाच असल्या तरी उत्तरं तिथल्या तिथे थांबतात.