डब्यात कोंडलेली वाफ

चि. मुक्तास,


दादाच्या डब्यातील पोळी बारापर्यंत ओली होते आणि काल भाजीही आंबली, असे तू लिहिलेस. दोन्हींचे कारण एकच: कोंडलेली वाफ. गरम अन्नावर झाकण लावले की वाफेचे पाणी होऊन ते पोळीवर ठिबकते; त्या ओल्या उबेत जंतूही वाढतात.

पोळ्या जाळीवर निववून सुती फडक्यात गुंडाळ. भाजी कोरडी परतून ताटात पसर. साधारण वीस मिनिटांनी, वाफ निघून गेल्यावरच डबा भर. ओले खोबरे घालू नकोस. भाजीला तार सुटली वा आंबूस वास आला, तर ती टाकून द्यावी, असे दादाला बजाव. सत्तरीत जुलाबाने शरीरातील पाणी झपाट्याने घटते.

तुझी,
आत्या