चौंडकं कुठल्या गटात?

वाद्यांचे चार गट परंपरेने ठरलेले आहेत: तारा छेडून किंवा गजाने घासून वाजणारी वीणा, सतार, सारंगी ही तंतुवाद्ये, फुंकरीने किंवा हवेने वाजणारी बासरी, सनई, तुतारी ही सुषिर वाद्ये, कातड्यावर थाप किंवा काठी मारून वाजणारी ढोलकी, संबळ, हलगी ही चर्मवाद्ये, आणि एकमेकांवर आपटून वाजणारी टाळ, झांज, चिपळ्या ही घनवाद्ये. पेटीला तोंड लावत नाहीत, पण भात्याची हवाच तिची पाती वाजवते, म्हणून ती सुषिरच. खरी पंचाईत होते ती देवीच्या गाण्यांत वाजणाऱ्या चौंडक्याची.

चौंडक्याला नळकांड्यासारखं अंग असतं आणि एका तोंडाला कातडं. कातड्याच्या मधून ओवलेली तार बाहेर ताणून धरतात. अंग काखेत दाबायचं, एका हाताने ताण कमीजास्त करत दुसऱ्या हाताने तार छेडायची. ताण वाढला की सूर चढतो. कोणी म्हणेल, कातडं आहे आणि काम तालाचं, तेव्हा हे चर्मवाद्य. पण कातड्याला वादकाचा हात लागतच नाही. ते फक्त तारेचा नाद मोठा करतं. तुणतुण्याच्या तळाशीही कातडं असतं, तरी त्याला कोणी ढोलकीशेजारी बसवत नाही. ताल धरणं हे वाद्याचं काम झालं, वाजवण्याची रीत नव्हे. म्हणून माझ्या मते चौंडकं तंतुवाद्यातच बसतं.