मुलाखतीपूर्वीचे चार प्रश्न

माझा एक भाचा इंदुरास एका कारखान्याच्या हिशेब खात्यात कायम नोकरीवर आहे. दरमहा चव्वेचाळीस हजार रुपये त्याच्या हाती येतात. काही दिवसांपूर्वी रात्री त्याचा फोन आला. "मामा, बंगलोरच्या एका मोठ्या कंपनीत जागा आहे. साठ हजार देतात. सहा महिन्यांच्या आत कायम करतील, असं रिक्रूटर म्हणतो. शनिवारी मुलाखत आहे. जाऊ ना?"

मी विचारले, "नेमणूक कोण करणार?" तो म्हणाला, "तीच कंपनी." मी पुन्हा विचारले, "पत्र कोणाच्या सहीने येणार?" यावर तो थबकला. ते त्याने विचारलेच नव्हते.

या प्रकारच्या नोकरीस 'काँट्रॅक्ट-टू-हायर' म्हणतात. म्हणजे आधी करारावर काम, मग जमल्यास नेमणूक. काम एका कंपनीचे. परंतु करार संपेपर्यंत कर्मचारी असतो मनुष्यबळ पुरविणाऱ्या दुसऱ्याच कंपनीचा. रिक्रूटर म्हणजे ही जुळवाजुळव करणारा मध्यस्थ. तो खोटेच बोलतो असे नव्हे. परंतु न विचारलेले सांगणे हे त्याचे काम नव्हे. म्हणून विचारावयाचे ते मुलाखतीस होकार देण्यापूर्वीच विचारावे. त्या वेळी आपली रजा, प्रवासखर्च आणि मुख्य म्हणजे मन, यांपैकी काहीच गुंतलेले नसते.

पहिला प्रश्न हाच: मी कोणाचा कर्मचारी होणार, आणि माझी माहिती कोणत्या कंपनीकडे, कोणत्या जागेसाठी जाणार? कंपनीचे नाव कळल्यावाचून आपली माहिती पुढे पाठविण्यास संमती देऊ नये. कारण एकाच जागेसाठी दोन मध्यस्थ हिंडत असतात. दोघांकडूनही आपलेच नाव गेले, तर मोबदला कोणाचा हा वाद टाळण्यासाठी कंपनी पुष्कळदा तो उमेदवारच बाजूला सारते. आणि जो मध्यस्थ उमेदवाराकडूनच नोंदणीचे पैसे मागतो, त्याच्याशी पुढे बोलण्याचे कारण नाही.

दुसरा प्रश्न: साठ हजार म्हणजे काय काय? भाच्याला मी कागद-पेन्सिल घ्यावयास सांगितली. मूळ वेतन तीस हजार धरले. त्याच्या बारा टक्के, म्हणजे ३,६०० रुपये, भविष्यनिधीत मालकाचे आणि तितकेच कर्मचाऱ्याचे. आणि येथे दोन्ही रकमा त्या साठ हजारांतूनच जात होत्या. ग्रॅच्युइटीची तरतूद सुमारे १,४४३ आणि व्यवसायकर दोनशे रुपये. हे सारे वजा जाता हाती येतात ५१,१५७. भविष्यनिधी आपलाच असतो, हे खरे. परंतु इंदुरचे चव्वेचाळीस हजार हातात येणारे होते, आणि बंगलोरचे साठ हजार कागदावरचे. वाढ सोळा हजारांची नसून सात हजारांची होती. आणि बंगलोरला खोलीचे भाडे तेवढ्यात भागत नाही.

काही वेळा वेतन न ठरविता 'सल्लागार' म्हणून रोजाचा दर ठरवितात. तेथे काम केलेल्या दिवसांचेच पैसे मिळतात. रोजाचा दर २,७०० असेल, तर वर्षाच्या २६१ कामाच्या दिवसांचे सात लाख चार हजार सातशे होतात. पण बारा सुट्या आणि बारा रजा वगळल्या, की उरतात ६,३९,९००, म्हणजे महिन्यास सुमारे त्रेपन्न हजार. त्यात भविष्यनिधी नाही. साधारणतः दहा टक्के प्राप्तिकर आधीच कापला जातो. तो देय नसेल, तर विवरणपत्र भरल्यावर परत मिळतो, पण दरम्यान हात आखडलेला राहतो. म्हणून दर मासिक की रोजाचा, आणि सुटीचे पैसे मिळतात की नाही, हे स्पष्ट विचारावे.

तिसरा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. सरकारी नोकरीत वीस वर्षे काढल्यावर एक गोष्ट मनावर ठसते: पद मंजूर नसेल, तर लायक माणसालाही कायम करता येत नाही. खाजगी कंपनीतही हाच न्याय आहे. 'काम चांगले असेल तर कायम करू' हे उत्तर पुरेसे नाही. कायम जागेला मंजुरी आहे काय? निर्णय कोण घेणार, आणि कितव्या महिन्यात? कायम झाल्यावर वेतन तेच राहील की नव्याने ठरेल? याच विभागात गेल्या वर्षी किती जण करारावर आले आणि त्यांतले किती कायम झाले?

येथे आणखी एक गोम असते. करारावरचा माणूस मुदतीआधी आपल्याकडे घेतला, तर कंपनीला पुष्कळदा मनुष्यबळ पुरविणाऱ्यास शुल्क द्यावे लागते. ठराविक महिने लोटल्यावर ते लागत नाही. तेव्हा तितके महिने थांबण्यातच कंपनीचा फायदा असतो. शुल्काचा आकडा रिक्रूटर सांगणार नाही; पण 'शुल्क न देता कितव्या महिन्यापासून घेता येते?' याचे उत्तर बहुधा देतो. ते 'बाराव्या' असेल, तर सहा महिन्यांच्या आश्वासनाचे वजन आपोआप कळते.

चौथा प्रश्न मुदतीचा आणि सुटकेचा. करार अकरा महिन्यांचा की बारा? हा एक महिना क्षुल्लक नव्हे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेनुसार, ठराविक मुदतीच्या कर्मचाऱ्यास एक वर्षाच्या सेवेनंतर ग्रॅच्युइटी मिळू शकते. अकरा महिन्यांत ती मिळावयाची नाही. आणि तरतूद मात्र वेतनातून दरमहा वजा दाखविलेली. अकरा महिन्यांचे हे सुमारे सोळा हजार रुपये होतात. तसेच नोटीस दोन्ही बाजूंना सारखी आहे काय, आणि मूळ कंपनीने काम मध्येच थांबविल्यास दुसरे काम मिळेपर्यंत वेतन चालू राहते की त्याच दिवशी संपते, हेही विचारावे.

भाच्याने हे चार प्रश्न त्याच रात्री ई-मेलने पाठविले. कारण फोनवरचे उत्तर नंतर कोणाला दाखविता येत नाही. दोन दिवसांनी उत्तर आले, आणि ते प्रामाणिक होते. नेमणूक मनुष्यबळ कंपनीची. करार अकरा महिन्यांचा. कर्मचाऱ्याने साठ दिवसांची नोटीस द्यावयाची, कंपनीने पंधरा दिवसांची. कायम जागेबद्दल एकच वाक्य होते: 'सध्या मंजुरी नाही; पुढील अर्थसंकल्पात अपेक्षित.'

त्याचा पुन्हा फोन आला. आवाज उतरलेला होता. "मामा, जागा चांगली होती हो," तो म्हणाला. मी म्हणालो, "काम चांगलं होतं. जागा अजून व्हायची आहे." तो शनिवारी गेला नाही. मात्र रिक्रूटरला त्याने लिहून ठेवले आहे, की मंजुरी आली म्हणजे अवश्य कळवावे.

ज्याच्या हाती आज नोकरीच नाही, त्याने हाच करार पत्करला, तर मी त्याला चूक म्हणणार नाही. अकरा महिन्यांचे वेतन आणि अनुभव हेही काही कमी नव्हे. मात्र त्याने तो अकरा महिन्यांचे काम म्हणून पत्करावा. कायम नोकरीची पहिली पायरी म्हणून नव्हे. ज्याला कायम नोकरी सोडून जावयाचे आहे, त्याने मात्र मंजुरीचे उत्तर लेखी हाती आल्यावाचून राजीनाम्याचा कागद काढू नये.