गर्भातील हृदय आणि दोन रक्तवाहिन्यांची फुली

सोनोग्राफीच्या अहवालात ‘फीटल इको करावी’ अशी ओळ दिसली, की घरात एकदम शांतता पसरते. वाचकहो, ती ओळ म्हणजे निदान नव्हे. बाळाचे हृदय विसाव्या आठवड्यात जेमतेम मोठ्या द्राक्षाएवढे असते. त्याचे कप्पे, झडपा आणि रक्तवाहिन्या निष्णात डॉक्टरांनी सावकाश पाहाव्यात, एवढाच तिचा अर्थ.

माझ्याकडे येणाऱ्या एका भगिनीला लहानपणापासून मधुमेह होता व ती इन्सुलिन घेत असे. अशा मातेला १८ ते २२ आठवड्यांच्या दरम्यान ही तपासणी सुचवतात, कारण हृदय पहिल्या दोन महिन्यांतच घडते आणि त्या काळातील वाढलेली साखर त्या घडणीत बिघाड करू शकते. केवळ गरोदरपणात उशिरा आढळलेल्या व आटोक्यात असलेल्या मधुमेहासाठी सहसा तिची गरज नसते. आईवडिलांपैकी कोणाला किंवा आधीच्या अपत्याला जन्मजात हृदयदोष असल्यास, गर्भाच्या मानेमागील द्रवाची जाडी ३.५ मिलिमीटर वा अधिक भरल्यास, अथवा नेहमीच्या सोनोग्राफीत शंका आल्यास मात्र ती करावीच.

या भगिनीच्या बाळाचे चारही कप्पे उत्तम होते. नुसते तेवढेच पाहिले असते तर ‘सर्व ठीक’ असा शेरा मिळाला असता! परंतु हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या रक्तवाहिन्या एकमेकींना फुलीसारख्या छेदून जायला हव्यात. येथे त्या समांतर धावत होत्या. महाधमनी उजव्या कप्प्यातून व फुप्फुसाकडे जाणारी वाहिनी डाव्यातून निघाली होती. गर्भात वारेतून प्राणवायू मिळतो, म्हणून बाळ मजेत असते. जन्मानंतर मात्र शुद्ध आणि अशुद्ध रक्ताची दोन चक्रे वेगळीच फिरू लागतात, आणि त्यांना जोडणारी गर्भावस्थेतील वाहिनी मिटू लागली की बाळ निळे पडते.

निदान आधीच झाल्यामुळे प्रसूती बालहृदयशस्त्रक्रियेची सोय असलेल्या मोठ्या रुग्णालयात ठरवली गेली. जन्मताच ती वाहिनी उघडी ठेवणारे प्रोस्टाग्लँडिन शिरेवाटे सुरू झाले आणि दुसऱ्या आठवड्यात शस्त्रक्रियेने दोन्ही वाहिन्यांची अदलाबदल झाली. आमच्या तालुक्याच्या गावी प्रसूती झाली असती, तर पहिले काही तास रुग्णवाहिका शोधण्यातच गेले असते.

या तपासणीलाही मर्यादा आहेत. कप्प्यांमधील बारीक छिद्र निसटू शकते. महाधमनीचा अरुंदपणा कधी कधी जन्मानंतरच स्पष्ट होतो. वरच्या दोन कप्प्यांमधील वाट तर गर्भात उघडीच असावी लागते, त्यामुळे ती पुढे मिटेल की नाही हे तेव्हा सांगता येत नाही. म्हणून इको निर्दोष आली, तरी जन्मानंतर साधारण २४ तासांनी बाळाच्या उजव्या हाताला व पायाला ऑक्सिमीटर लावून प्राणवायूचे प्रमाण पाहून घ्यावे. ही तपासणी काही मिनिटांत होते व सुईही टोचावी लागत नाही.