नेल आर्टचे टेबल मांडण्यापूर्वी

चालू ब्युटी पार्लरमध्ये नेल आर्ट सुरू करायचे म्हटले की वेगळे टेबल, एलईडी लॅम्प, नखे घासण्याचे ड्रिल मशीन, धूळ ओढणारा पंखा, जेल पॉलिशच्या चाळीस-पन्नास बाटल्या आणि हे काम जाणणारी मुलगी एवढे लागते. सामान एकदाच घ्यायचे असते, पगार मात्र दर महिन्याला द्यावा लागतो. मागणी तपासायची ती मुख्यतः या पगाराच्या भीतीने.

ही तपासणी गिऱ्हाइकांना विचारून होत नाही. थ्रेडिंगला बसलेल्या बाईला ‘नेल आर्ट सुरू केले तर कराल का?’ असे विचारले, तर ती भिडेखातर हो म्हणते. त्याऐवजी दर लिहिलेला फलक लावून शंभर-दोनशे रुपये आगाऊ घेऊन वेळ नोंदवावी. पैसे देऊन गेलेले नाव हीच खरी मागणी.

काम बाहेरच्या नेल आर्टिस्टकडून करून घेता येते. ती स्वतःचा लॅम्प, रंग आणि टिप्स घेऊन आठवड्यातून दोन दिवस येते आणि बिलाची रक्कम ठरलेल्या वाट्याने वाटली जाते. पार्लरची गुंतवणूक एक टेबल, दोन खुर्च्या आणि चांगला दिवा एवढीच. दिवस निवडताना एक गर्दीचा शनिवार आणि एक मोकळा बुधवार घ्यावा. फक्त शनिवारी भरणारे टेबल बाकीचे पाच-सहा दिवस रिकामेच राहणार, हे त्यातून वेळीच कळते.

चाचणी किमान आठ आठवडे चालवावी. हाताचे नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढते. त्यामुळे दोन-तीन आठवड्यांत जेल पॉलिशच्या मुळाशी उघडी पट्टी दिसू लागते आणि एक्स्टेन्शन केलेल्या गिऱ्हाइकाला रिफिलसाठी यावे लागते. आठ आठवड्यांत ही फेरी दोनदा तरी पूर्ण होते. नवलाईने एकदा आलेल्या बायका आणि हा खर्च नेहमीचा करणाऱ्या बायका त्यानंतरच वेगळ्या काढता येतात.

समजा, एखाद्या उपनगरातल्या तीन खुर्च्यांच्या पार्लरमध्ये आठ आठवड्यांत नखांची चाळीस कामे झाली. सरासरी बिल ९०० रुपये आणि वाटा निम्मा-निम्मा. आकडा बरा दिसतो, पण वहीत प्रत्येक नावापुढे कारण लिहिले असेल तर त्यातली चौदा कामे लग्नाची निघतात. तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू होतात, तेव्हाची गर्दी चातुर्मासात राहत नाही. ती वजा केली की उरली सव्वीस, म्हणजे महिन्याला तेरा. पूर्णवेळ मुलगी १८,००० रुपये पगारावर ठेवली आणि दर कामामागे १५० रुपयांचे साहित्य गेले, तर हाती ७५० उरतात. नुसता पगार निघायला महिन्याला चोवीस कामे हवीत. तेरा कामांवर तो निघत नाही. उलट आर्टिस्टला वाट्यावरच ठेवले, तर त्याच तेरा कामांतून ५,८५० रुपये पार्लरकडे येतात. इथे पूर्णवेळ टेबल न मांडणेच शहाणपणाचे, आणि वाट्याची व्यवस्था मोडण्याचेही कारण नाही.

कमी आकड्याचे कारण मात्र नीट पाहावे लागते. गिऱ्हाईक परतले नाही म्हणजे मागणी नाही, असे दर वेळी नसते. जेल पॉलिश चार-पाच दिवसांत कडेने सुटू लागले, तर दोष बहुधा कामाचा असतो. नखावरचा तेलकटपणा पुसला गेलेला नसतो, मुळाशी चिकटलेली पातळ कातडी काढलेली नसते किंवा जेलचा थर जाड होऊन लॅम्पखाली आतून कच्चा राहिलेला असतो. नखाभोवती खाज आणि लाली दिसली तर प्रश्न आणखी गंभीर, कारण कच्चे जेल वारंवार कातडीला लागल्याने ॲलर्जी होऊ शकते आणि एकदा झाली की ती सहसा जात नाही. म्हणून प्रत्येक गिऱ्हाइकाला आठवड्याने फोन करून नखे कशी आहेत हे विचारावे. तक्रारी येत असतील तर आर्टिस्ट बदलून चाचणी पुन्हा घ्यावी. जुन्या आकड्यांवरून निर्णय घेऊ नये. ॲक्रिलिकचा उग्र वास बंद एसी खोलीत फेशियलच्या गिऱ्हाइकांना सहन होतो का, हेही याच काळात दिसते.

स्पाच्या बाबतीत अशी चाचणी अर्धवटच होते. फूट स्पासाठी टब, गरम पाणी आणि पेडिक्युअरची खुर्ची पुरते. त्यामुळे पेडिक्युअरला येणाऱ्यांनाच जास्तीचे पैसे घेऊन तो देऊन पाहता येतो. पूर्ण शरीराच्या मसाजला मात्र बंद खोली, शॉवर, पाण्याचा निचरा आणि प्रशिक्षित थेरपिस्ट आधीच लागतात. फूट स्पा चालला म्हणून मसाजही चालेल, असे धरता येत नाही, कारण पाय पुढे करणारी प्रत्येक बाई अनोळखी खोलीत मसाजला झोपायला तयार नसते.