नको असलेले फोन आणि तक्रारीची वही

डोंबिवलीतल्या आमच्या इमारतीत एक निवृत्त शिक्षक राहतात. गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या मे महिन्यात, ते माझ्याकडे एक पत्र घेऊन आले. पत्र दिल्लीच्या ट्रायला, म्हणजे भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाला लिहिलेलं होतं. सोबत वहीचं एक पान जोडलेलं होतं. २ मे ते २७ मे या काळात आलेले अकरा फोन, प्रत्येकाची तारीख, वेळ, नंबर आणि "गृहकर्ज", "प्लॉट", "विमा" असा एकेक शब्द. अक्षर सुरेख, आखणी चोख. पत्रावर तारीख होती २८ मे.

ते पान मोलाचं होतं, पण पत्ता चुकला होता. ट्राय नियम करते आणि कंपन्या ते पाळतात की नाही हे पाहते. एकेका ग्राहकाची तक्रार ती स्वतः सोडवत नाही. तिच्याकडे गेलेलं पत्र शेवटी ग्राहकाच्या मोबाइल कंपनीकडेच पाठवलं जातं. तोवर दिवस निघून जातात, आणि या तक्रारीत दिवसांनाच सगळं महत्त्व आहे. विक्रीच्या फोनांबद्दलचे सध्याचे नियम २०१८ चे. १२ फेब्रुवारी २०२५ ला त्यांत मोठी दुरुस्ती झाली. पूर्वी फोन आल्यापासून तीन दिवसांत तक्रार करावी लागे, आता सात दिवस मिळतात. गुरुजींच्या अकरा फोनांपैकी सात त्या मुदतीबाहेर गेले होते. उरले चार.

तक्रार करायची ती आपल्याच मोबाइल कंपनीकडे. तिची सर्वांत सोपी वाट म्हणजे १९०९ या नंबरावर एसएमएस. ट्रायचं डीएनडी ॲप आहे, १९०९ ला फोनही करता येतो. पण एसएमएस कुठल्याही साध्या फोनवरून जातो. त्यात फोन कशाबद्दल होता, कोणत्या नंबरावरून आला आणि कधी आला, एवढंच स्वल्पविराम देऊन लिहायचं:

```
Home loan sales call, 98XXXXX417, 24/05/25
```

X च्या जागी अर्थातच पूर्ण नंबर. नियमाला वेळ लागत नाही, तरी वहीत ती जरूर लिहावी. एकाच नंबरावरून दिवसात दोनदा फोन आला किंवा कंपनीने "असा कॉल दिसत नाही" असं कळवलं, तर वेळेवरूनच बोट ठेवता येतं.

एसएमएस गेल्यावर आपली कंपनी आधी स्वतःच्या नोंदी तपासते: या नंबरावरून त्या दिवशी या ग्राहकाला खरोखर कॉल झाला होता का? झाला असेल, तर तक्रार फोन करणाऱ्याच्या कंपनीकडे जाते. कारवाई तिने करायची असते. गुरुजींच्या चार फोनांचं काय झालं, ते पाहिलं की पुढचं सगळं समजतं.

२६ मे, सकाळी १०:५५, नंबराच्या शेवटी ०८२. ही तक्रार लगेच फेटाळली गेली. गुरुजींच्या फोनमध्ये दोन सिमकार्डं आहेत. कॉल आला होता दुसऱ्या सिमवर आणि एसएमएस गेला पहिल्या सिमवरून. कंपनीने पहिल्या नंबराच्या नोंदी पाहिल्या, त्यात असा कॉल नव्हता. ज्या नंबरावर फोन आला, त्याच नंबरावरून तक्रार गेली पाहिजे. दोन सिम वापरणाऱ्यांकडून हे हमखास चुकतं. मुदत शिल्लक असल्याने त्यांनी योग्य सिमवरून तीच तक्रार पुन्हा पाठवली आणि ती नोंदली गेली.

२७ मे, दुपारी १:२०, नंबराची सुरुवात १४० ने. ही मालिका नोंदणी केलेल्या टेलिमार्केटरांना जाहिरातीच्या फोनांसाठीच दिलेली आहे. अशा फोनवर तक्रार टिकायची, तर आपण आधी "मला जाहिराती नकोत" अशी पसंती नोंदवलेली असावी लागते. गुरुजींनी ती नोंदवलेलीच नव्हती. पसंती नोंदवली नाही, तर जाहिराती चालतील असं धरलं जातं. त्यामुळे तो फोन कितीही त्रासदायक असला, तरी नियमात बसत होता. १९०९ ला फोन करून त्यांनी आता सगळ्या जाहिराती बंद केल्या आहेत, दोन्ही नंबरांसाठी वेगवेगळ्या. कारण पसंती माणसाची नसते, नंबराची असते.

राहिले २२ मे, सकाळी ११:१० आणि २४ मे, दुपारी ३:४० चे फोन. दोन्ही एकाच साध्या दहा आकडी नंबरावरून, शेवटी ४१७. साध्या मोबाइल नंबरावरून विक्रीचे फोन करायला कोणालाच परवानगी नाही. २०२५ च्या दुरुस्तीनंतर अशा नंबराविरुद्ध तक्रार करायला आपली पसंती नोंदवलेली असण्याचीही गरज उरलेली नाही. गुरुजींच्या दोन्ही तक्रारी नोंदल्या गेल्या.

तरी तेवढ्याने कारवाई होत नाही. एखाद्या नंबराविरुद्ध दहा दिवसांत किमान पाच वेगवेगळ्या ग्राहकांच्या तक्रारी आल्या, की फोन करणाऱ्याच्या कंपनीला पाऊल उचलावं लागतं. पूर्वी सात दिवसांत दहा तक्रारी लागत. एकाच माणसाने एकाच नंबराविरुद्ध कितीही लिहिलं, तरी तो एकच तक्रारदार. गुरुजींनी दोनदा लिहूनही त्यांची मोजदाद एकच होती.

मग आम्ही तो नंबर इमारतीच्या ग्रुपवर टाकला आणि एवढंच विचारलं, "हा फोन आणखी कोणाला आलाय का?" तासाभरात चौघांनी होकार दिला. सगळे फोन त्याच आठवड्यातले, सगळे गृहकर्जाचे. प्रत्येकाने आपापल्या फोनमधली तारीख पाहून आपापल्या नंबरावरून १९०९ ला एसएमएस केला. गुरुजी धरून पाच झाले.

अशा वेळी कंपनीने पाच दिवसांत कारवाई करायची असते. पहिल्या खेपेला त्या माणसाची फोन करण्याची सोय पंधरा दिवस बंद होते. त्याने पुन्हा तेच केलं, तर त्याच्या नावावरची सगळी कनेक्शनं, कोणत्याही कंपनीची असोत, वर्षभरासाठी तोडायची असतात. नंबर बदलून फोन करणाऱ्यांना खरा चाप बसतो तो या तरतुदीने. मात्र त्याने दुसऱ्याच्या नावावरची सिमकार्डं वापरली, तर नव्या नंबराविरुद्ध मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. व्हॉट्सॲपवरून आलेले कॉल या नियमांत येतच नाहीत. ते त्या ॲपमध्येच कळवावे लागतात. आणि फोन विक्रीचा नसून केवायसी बंद पडेल किंवा अटक होईल अशी धमकी देणारा असेल, तर तो संचार साथी संकेतस्थळावरच्या 'चक्षू' सोयीत नोंदवायचा. पैसे गेलेच असतील, तर तडक १९३० ला फोन करायचा.

गुरुजींनी वहीचं पान आता नव्याने आखलं आहे. तारीख, वेळ, नंबर आणि विषय हे जुने रकाने तसेच आहेत. त्यांच्या पुढे तीन नवे आले: फोन कोणत्या सिमवर आला, १९०९ ला कधी कळवलं, आणि इमारतीत आणखी कोणाला आला. शेवटच्या रकान्यात पाच नावं भरली, की ते त्या ओळीखाली रेघ मारतात.