फेलोशिपच्या पत्रात वर्ग दिसायला हवा

‘टीच फॉर इंडिया’ची फेलोशिप २००९ मध्ये मुंबई आणि पुण्यातून सुरू झाली. पदवीधराने दोन वर्षं पूर्णवेळ, मानधनावर, महापालिकेच्या किंवा कमी फीच्या खासगी शाळेत वर्ग सांभाळायचा, असं तिचं स्वरूप आहे. बी.एड.ची अट नाही. त्यामुळे इंजिनीअर, वाणिज्य पदवीधर, नोकरीतून बाहेर पडू पाहणारे असे अनेक जण तिकडे वळतात. अशा फेलोशिपसाठी कुठे अर्जासोबत पत्र मागतात, कुठे निबंधवजा उत्तरं. अध्यापनाची पदवी नसलेल्या उमेदवाराला आपण वर्गात कसे वागू हे दाखवायला तेवढीच जागा असते.

ती जागा बहुतेकदा ‘समाजाचं ऋण फेडायचं आहे’ अशा वाक्यांत खर्ची पडते. भावना खरी असते, पण वाचणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. हेच वाक्य रुग्णालयाच्या किंवा पर्यावरण संस्थेच्या अर्जातही जसंच्या तसं चाललं असतं.

समजा, नाशिकच्या एका तरुणीला अर्ज करायचा आहे. ती हिशेब विभागात नोकरी करते आणि संध्याकाळी वस्तीतल्या अभ्यासिकेत गणित शिकवते. पहिल्या खर्ड्यात तिने लिहिलं, ‘मुलांमध्ये रमताना मला शिकवण्याची आवड लागली.’ दुसऱ्या खर्ड्यात ते वाक्य गेलं आणि त्या जागी एक मुलगा आला. सहावीतला हा मुलगा ४०२ मधून १७८ वजा करून ३७६ उत्तर काढायचा. तिला आधी तो निष्काळजीपणा वाटला. मग वही नीट पाहिल्यावर कळलं, की तो प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करतोय. दोनातून आठ जात नाहीत म्हणून आठातून दोन, शून्यातून सात जात नाहीत म्हणून सातातून शून्य. त्याचा एक नियम होता आणि तो तो इमानाने पाळत होता. तिने खेळण्यातल्या नोटा आणल्या, शंभराची नोट मोडून दहाच्या दहा नोटा घेतल्या, त्यातली एक मोडून सुटे केले, आणि २२४ उत्तर आलं. पुढच्या आठवड्यात वहीत पुन्हा ३७६.

हे शेवटचं वाक्य तिला गाळावंसं वाटत होतं. पत्रातलं सर्वांत मोलाचं वाक्य तेच आहे. हाताने जमलेली गोष्ट कागदावर उतरायला वेळ लागतो, मध्ये मूल मागे जातं, आणि शिक्षकाला पुन्हा नोटा काढाव्या लागतात. हे अनुभवलेला माणूस वर्षभरात चमत्कार करण्याचं वचन देत नाही.

वर्गाचं वास्तव म्हणजे फुटकी बाकं आणि गळकं छप्पर, असं पुष्कळ उमेदवार धरून चालतात. खरी अडचण फळ्यासमोर असते. ‘असर’च्या २०२४ च्या अहवालानुसार ग्रामीण भारतात पाचवीतल्या जवळपास निम्म्या मुलांनाच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. शहरातल्या शाळेतही एकाच चौथीत कुणी गोष्ट वाचतं, कुणी सुटे शब्द, कुणी अजून अक्षरं ओळखतंय, असं चित्र दिसू शकतं. म्हणून तिने योजना मोजक्या शब्दांत लिहिली. सुरुवातीच्या दिवसांत प्रत्येक मुलाला जवळ बसवून अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट या क्रमाने वाचून घ्यायचं, रोज ठरावीक वेळ मुलांना इयत्तेऐवजी वाचनाच्या पातळीनुसार बसवायचं आणि काही आठवड्यांनी पुन्हा तपासून गट बदलायचे. ‘प्रथम’ संस्थेने रुजवलेली ही पद्धत आहे, आणि तिने ती स्वतःची म्हणून खपवली नाही. मर्यादाही तिने सांगितली: मूल महिनाभर गावी गेलं, तर परतल्यावर त्याची पातळी पुन्हा तपासावी लागेल.

शाळेतल्या शिक्षकांबद्दलचं एक वाक्यही तिने बदललं. ‘तिथे नीट शिकवलं जात नाही’ असं आधी लिहिलं होतं. शिक्षण हक्क कायद्यानेच शिक्षकांना जनगणना, आपत्तीनिवारण आणि निवडणुकीची कामं देण्याची मुभा ठेवली आहे. त्या दिवसांत वर्ग कोण सांभाळतं हे विचारल्याशिवाय असा निकाल देणं अन्यायाचं आहे. नव्या खर्ड्यात तिने लिहिलं, की पहिले काही दिवस जुन्या बाईंच्या वर्गात मागे बसून त्या मुलांना कसं शांत करतात, पालकांशी कसं बोलतात ते बघायचं आहे.

शेवटचा परिच्छेद लहान आणि व्यवहाराचा आहे. मानधन आताच्या पगारापेक्षा कमी असेल, त्याबद्दल घरी बोलणं झालंय. मुंबईत राहायची तयारी आहे. हिंदी बोलता येतं, उर्दू वाचता येत नाही. उर्दू बोलणारी मुलं वर्गात असतील तर लिपी शिकायला सुरुवात करेन. नोकरीचा राजीनामा दिल्यावर एक महिन्याने मोकळी होईन.